५४० अंशांच्या आसपास मिटणारे जुळे: लँथॅनम अॅल्युमिनेटची नोंद, भाग ३

मागच्या नोंदीत निक्रोमच्या तारेची छोटी भट्टी सूक्ष्मदर्शकाखाली बसल्याचे लिहिले होते. चवथीच्या सुट्टीत फोंड्याच्या घरी सलग चार दिवस हाती लागले आणि पहिल्यांदाच असे आकडे मिळाले की जे आलेखावर मांडावेसे वाटावेत. संध्याकाळी सात वाजल्यानंतर विजेचा दाब इतका खाली-वर होतो की डिमरस्टॅट हातात धरूनच बसावे लागते; म्हणून सगळी मोजमापे पहाटे घेतली.

नमुना तोच आहे: १० मिलिमीटर बाजूची, अर्धा मिलिमीटर जाडीची लँथॅनम अॅल्युमिनेटची चकती, LaAlO3. या स्फटिकात अॅल्युमिनियमचा प्रत्येक अणू सहा ऑक्सिजन अणूंच्या अष्टफलकात बसलेला असतो आणि शेजारशेजारचे अष्टफलक कोपऱ्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. साधारण ५४० अंश सेल्सिअसच्या वर रचना घनाकृती असते. तापमान त्याखाली गेले की प्रत्येक अष्टफलक घनाच्या कर्णाभोवती किंचित फिरतो आणि जोडलेला कोपरा सामाईक असल्यामुळे शेजारच्याला उलट दिशेने फिरावे लागते. घराच्या तापमानाला हे फिरणे पाच-साडेपाच अंशांचे असते. या फिरण्याच्या कोनालाच आपण क्रम-प्राचल म्हणू आणि Q लिहू: घनाकृती अवस्थेत शून्य, खाली शून्याहून वेगळा.

मुक्त ऊर्जा G च्या विस्तारात Q चे केवळ सम घात का येतात, हा प्रश्न गेल्या वेळी एका वाचकाने विचारला होता. उत्तर स्फटिकातच आहे. सगळे कोन उलट केले, म्हणजे Q च्या जागी −Q घेतला, तर जी रचना मिळते ती मूळचीच रचना एका घनपेशीने सरकवलेली असते, कारण उजवीकडे आणि डावीकडे फिरलेले अष्टफलक आलटून पालटून येतात. स्फटिकाची मोजणी कोणत्या पेशीपासून सुरू करायची हे आपण ठरवतो, ऊर्जेला त्याचे सोयरसुतक नाही. म्हणून G(Q) आणि G(−Q) सारखेच असले पाहिजेत आणि विषम घात आपोआप गळतात. लांडाउने १९३७ मध्ये मांडलेली पद्धत इथे अशी दिसते:

G = ½ a (T − Tc) Q² + ¼ b Q⁴

इथे T म्हणजे तापमान, Tc म्हणजे घनाकृती रचना मोडते ते संक्रमणाचे तापमान, आणि a, b हे स्थिर गुणक, a धन. b धन असेल तर Tc च्या खाली G चा किमान बिंदू Q = 0 वरून सरकतो आणि

Q² = a (Tc − T) / b

हे मिळते. Q शून्यापासून सलग वाढतो, मध्ये उडी नाही. एन्ट्रॉपीही सलग राहते, म्हणून सुप्त उष्णता नसते. विशिष्ट उष्णतेत मात्र a²Tc / 2b एवढी पायरी दिसते.

वास्तविक Q ला तीन घटक आहेत, घनाच्या तीन अक्षांभोवतीचे. त्यामुळे चौथ्या घाताची दोन वेगळी पदे संभवतात: एक (Q1² + Q2² + Q3²)² आणि दुसरे Q1⁴ + Q2⁴ + Q3⁴. एकूण लांबी तेवढीच ठेवून फिरण्याचा अक्ष घनाच्या कडेकडून कर्णाकडे नेला, तर दुसरे पद एक तृतीयांशावर येते. म्हणून त्या पदाचा गुणक धन असेल तर स्फटिक कर्ण निवडतो, ऋण असेल तर कड. लँथॅनम अॅल्युमिनेट कर्ण निवडते. स्ट्रॉन्शियम टायटॅनेट तशाच प्रकारचे संक्रमण १०५ केल्व्हिनच्या आसपास करते, पण कड निवडते. मला या सगळ्या प्रकरणातली ही सर्वात देखणी गोष्ट वाटते. कर्ण चार असल्यामुळे थंड झालेल्या चकतीत चार प्रकारचे प्रदेश तयार होतात, आणि तेच आपल्याला जुळे म्हणून दिसतात. चकतीवर वरून पाहताना त्यांचे दोन गट पडतात: ज्यांचा प्रकाशीय अक्ष वरून चकतीच्या एका कर्णावर पडतो ते, आणि दुसऱ्या कर्णावर पडतो ते. काटकोनातल्या दोन ध्रुवकांमध्ये चकतीबरोबर विलंब-पट्टी घातली की एक गट निळा आणि दुसरा पिवळा होतो, आणि त्यांच्यामधल्या भिंती चकतीच्या कडांना समांतर, जणू पट्टीने आखल्यासारख्या उभ्या दिसतात.

आता चुकीकडे. पहिल्या दिवशी चकती हलू नये म्हणून मी तिचे दोन कोपरे भट्टीच्या सिमेंटने चिकटवले होते. तापवताना मधले जुळे मिटले तरी चिकटवलेल्या कोपऱ्यांजवळचे पट्टे कितीतरी वेळ तसेच राहिले, आणि मला आधी वाटले की भट्टीचा तो भाग थंड आहे. चकती फिरवून ठेवली तरी पट्टे कोपऱ्याबरोबरच फिरले, तेव्हा उलगडा झाला. अष्टफलक फिरले की स्फटिकाचा आकारही थोडा बदलतो. ही विकृती e धरली, तर तिला उलट चिन्हाच्या Q शी देणेघेणे नसल्यामुळे जोडणीचे सर्वात साधे पद λeQ² असते, आणि तिची स्वतःची लवचिक ऊर्जा ½Ce². स्फटिक मोकळा असेल तर e स्वतःच −λQ²/C या किमतीवर जाऊन बसते, आणि ते वर घातल्यावर चौथ्या घाताचा गुणक कमी होतो:

b' = b − 2λ²/C

कोपरा चिकटवलेला असेल तर ही सवलत मिळत नाही. शिवाय सिमेंट आणि स्फटिक वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावल्यामुळे बाहेरून लादलेली विकृती थेट Q² च्या गुणकात मिसळते, म्हणजेच त्या जागी Tc च सरकते. चकती मोकळी ठेवा, इतकेच सांगतो. त्याच सूत्रात आणखी एक इशारा आहे: जोडणी फार बलवान झाली तर b' ऋण होतो, सहावा घात घेतल्याशिवाय G खाली बंद होत नाही, आणि संक्रमण उडी मारून होते. गारगोटीचे ५७३ अंशांचे संक्रमण असेच, चौथा घात ऋण आणि सहावा धन ठेवून मांडले जाते. नुसते सम घात असणे ही सलगपणाची हमी नव्हे.

मोजले काय, तर प्रकाशाची तीव्रता. दोन ध्रुवक काटकोनात ठेवून चकतीच्या कडा त्यांना समांतर लावल्या की दोन्ही गटांचे जुळे सारखेच उजळतात. द्विअपवर्तन Q² च्या प्रमाणात असते, आणि ते लहान असताना तीव्रता त्याच्या वर्गाच्या, म्हणजे Q⁴ च्या प्रमाणात. म्हणून तीव्रतेचे वर्गमूळ तापमानासमोर मांडले की वरच्या सूत्रानुसार सरळ रेषा यायला हवी. संक्रमणापासून दूर गेल्यावर विलंब अर्ध्या तरंगलांबीपुढे गेला तर तीव्रता पुन्हा उतरू लागते, त्यामुळे शेवटचे चाळीस अंशच वापरले. तिरप्या भिंती जिथे एकावर एक येतात तो भागही टाळला.

इथे भट्टीने एक खोडी काढली. तापलेली कोणतीही वस्तू ५२५ अंशांच्या आसपास मंद लाल दिसू लागते, आणि आपले संक्रमण नेमके तिथेच आहे. डोळ्याला जेमतेम जाणवणारी ती लाली कॅमेऱ्याला चांगलीच दिसते, आणि Q शून्याकडे जात असताना चित्र उलट उजळू लागते. हिरवा एलईडी, हिरवी गाळणी, आणि प्रत्येक तापमानाला एलईडी बंद करून घेतलेले चित्र वजा करणे, एवढ्याने ते आटोक्यात आले. Tc च्या बऱ्याच वर उरलेला, भट्टीच्या खिडकीच्या काचेमुळे येणारा अल्प उजेडही शेवटी वजा केला.

तापमापक तार चकतीला टेकलेली नसल्यामुळे तिचा आकडा जसाच्या तसा घेता येत नाही. चकतीशेजारी गारगोटीचा एक पातळ कण ठेवला. त्याचा ध्रुवण-रंग अचानक सरकला तेव्हा तार ५६१ दाखवत होती, म्हणजे गारगोटीच्या ५७३ च्या मानाने १२ अंशांची तूट. तापवताना आणि निववताना जुळे मिटण्या-उमटण्याच्या आकड्यांतला फरक मिनिटाला १० अंशांच्या वेगाने १८ अंश होता, ५ च्या वेगाने ९, आणि २ च्या वेगाने ४. वेग शून्याकडे नेला की फरकही शून्याकडे जातो, म्हणून हा भट्टीचा उशीर आहे, स्फटिकाचा नव्हे. उडी मारणारे संक्रमण असते तर कितीही सावकाश गेले तरी काही फरक शिल्लक राहिला असता.

तारेच्या ४८९, ४९९, ५०९ आणि ५१९ या आकड्यांना तीव्रता १६२०, ८९०, ४१० आणि ११२ आली. वर्गमुळे अनुक्रमे ४०.२, २९.८, २०.२ आणि १०.६; टप्पे १०.४, ९.६, ९.६. रेषा वाढवली की ती ५३० च्या जवळ शून्याला भिडते, तूट मिळवून ५४२. ग्रंथांतल्या आकड्याशी हे जुळते.

तरीही मी विजयाचा पाट मांडलेला नाही. म्युलर आणि बर्लिंगर यांनी १९७१ मध्ये इलेक्ट्रॉन अनुचुंबकीय अनुस्पंदनाने स्ट्रॉन्शियम टायटॅनेट आणि लँथॅनम अॅल्युमिनेट या दोन्हींत फिरण्याचा कोन मोजला, आणि संक्रमणाजवळ तो (Tc − T) च्या १/२ नव्हे तर सुमारे १/३ घाताने वाढतो असे दाखवले. लांडाउचा विस्तार Q सगळीकडे एकसारखा धरतो; Tc जवळचे चढउतार त्यात येत नाहीत. १/३ खरे असेल तर माझ्या तीव्रतेचा ३/४ वा घात सरळ रेषेत यायला हवा. तो काढला तर २५५, १६३, ९१, ३४ येतात आणि टप्पे ९२, ७२, ५७ असे आखडत जातात. रेषा स्पष्ट वाकलेली आहे. पण चकतीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या गारगोटीच्या कणाने ५६६ वर रंग बदलला, म्हणजे दहा मिलिमीटरमध्ये पाच अंशांचा उतार आहे, आणि जाडीतला उतार किती ते या मांडणीत दिसतच नाही. तापमान असे पसरलेले असले की शून्याजवळचा तीव्र वळसा बोथट होतो, आणि १/३ चा वक्र १/२ कडे झुकल्यासारखा भासू शकतो. जुळे ५३० ला एकदम मिटले नाहीत, पाचएक अंशांत विरत गेले, हेही त्याच बाजूने बोलते.

म्हणून म्हापशाच्या एका शेटाकडून दोन मिलिमीटर जाड चांदीची चकती, मधोमध तीन मिलिमीटरचे भोक पाडून, करून घेतली आहे. चांदी उष्णता झटकन पसरवते आणि ९६१ अंशांपर्यंत वितळत नाही. दागिना नसलेल्या चांदीला भोक कशाला, असे त्याने दोनदा विचारले. काल तिच्यावर गारगोटीचे तेच दोन कण ठेवून पाहिले: ५६४ आणि ५६५.