तुम्ही विचारलंत म्हणून : कन्नड, तेलुगू की जर्मन?

"सोलापुरात एका रुग्णालयात परिचारिका आहे. मराठी, हिंदी आणि कामापुरतं इंग्रजी येतं. पुढची भाषा कोणती शिकू?"

आधी उपयोग बघा. पण ती भाषा किती कोटी लोक बोलतात, हे मोजू नका. आठवडाभर खिशात एक छोटी वही ठेवा आणि मराठी, हिंदी दोन्ही अपुऱ्या पडल्या, कुणाला तरी बोलवून अर्थ विचारावा लागला, अशा प्रत्येक वेळेला खूण करा. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू घरं भरपूर आहेत, पण त्यांतल्या बहुतेकांना मराठी येतं, म्हणून तिथे खुणा कमी पडतील. कर्नाटकातल्या इंडी, आळंद, अफझलपूरकडून आलेल्या म्हाताऱ्या बाईचं तसं नसतं. तिला कन्नडच लागतं.

दुसरं बघायचं ते असं, की थोडी भाषा आली तर थोडा उपयोग होतो का? कन्नडची पंधरा-वीस वाक्यं आली की त्याच दिवशी वॉर्डात कामाला येतात. "एल्लि नोवु?" म्हणजे कुठे दुखतंय, एवढ्यानेही रुग्ण बोलायला लागतो. जर्मनचं तसं नाही. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळवायला साधारण बी-२, म्हणजे सहा पातळ्यांतली चौथी लागते, आणि ए-२ या दुसऱ्या पातळीवर सोडून दिलं तर सोलापुरात त्याचा काहीच उपयोग नाही. जायचं पक्कं असेल, तारीख डोळ्यांसमोर असेल, तरच जर्मन घ्या आणि मग दुसरी भाषा मध्ये आणू नका.

आता जवळीक. कोणती भाषा किती आठवड्यांत येते, याच्या इंटरनेटवर फिरणाऱ्या याद्या बहुतेक अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेवरून घेतलेल्या असतात. ते अंतर इंग्रजीपासून मोजलेलं असतं, म्हणून त्यांत जर्मन सोपी आणि हिंदी अवघड ठरते. मराठी माणसाने ती यादी बाजूला ठेवावी. कन्नड आणि तेलुगू द्राविडी कुळातल्या, मराठीचं कूळ वेगळं, तरी वाक्याची बांधणी आपलीच वाटते. "मला कन्नड येतं" हे कन्नडमध्ये "ननगे कन्नड बरुत्तदे", तेलुगूत "नाकु तेलुगु वच्चु". शब्द बदलले, पण क्रम तोच राहिला आणि 'मला'ही कायम राहिलं. जर्मनमध्ये क्रियापद साध्या वाक्यात दुसऱ्या जागी येतं आणि पोटवाक्यात शेवटी जातं, ती सवय नव्याने लावावी लागते. तिथली तीन लिंगं आपल्याला अनोळखी नाहीत, पण कोणत्या नामाचं लिंग कोणतं हे पाठच करावं लागतं.

मराठी माणूस कन्नडमध्ये अडखळतो ते दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे ऱ्हस्व आणि दीर्घ ए, ओ. 'केरे' ऱ्हस्व म्हटलं की तळं, पहिला ए लांबवला की धामण. आपल्या नेहमीच्या देवनागरीत दोन्ही सारखंच लिहिलं जातं, म्हणून देवनागरीत टिपणं काढणाऱ्यांचा उच्चार कच्चा राहतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत लिपीच शिका. क ख ग घ हा क्रम ओळखीचा आहे, ळही आहे. दुसरं अडखळणं भूतकाळातलं. आपण "मी औषध दिलं, मी गोळी दिली" म्हणतो, म्हणजे क्रियापद वस्तूमागे जातं. कन्नडमध्ये ते देणाऱ्यामागे जातं: नानु कोट्टे, अवळु कोट्टळु. गोळीचं लिंग शोधत बसू नका. निर्जीव वस्तू तिथे सरसकट नपुंसकच.

पुस्तक घेताना एक सांभाळा. बहुतेक पुस्तकं बंगळूरकडच्या भाषेची असतात. तिथलं 'इदे' (आहे) विजयपूरकडे 'ऐति' होतं आणि कलबुर्गीकडे 'अद'. तुमचे रुग्ण शेवटचे दोन बोलणारे, तेव्हा पुस्तकातलं बोलून समोरच्याचं उत्तर कळलं नाही, तर दोष तुमच्या अभ्यासाचा नाही.

आवड तपासायला पंधरा दिवस रोज वीस मिनिटं ती भाषा ऐका आणि सोळाव्या दिवशी कुणी न सांगता लावावीशी वाटते का, ते बघा. सोलापूरकरांना कन्नडची ओढ लागायला आणखी एक कारण आहे. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची बाराव्या शतकातली वचनं कन्नडमध्ये आहेत. त्यांची भाषा जुनी आहे, आजची बोली त्यांवरून येणार नाही, पण काही ओळी कळू लागल्या तर अभ्यास सुटत नाही.

उपयोग, आवड आणि जवळीक या तिन्ही गोष्टींना याच क्रमाने पाचपैकी गुण द्या आणि बेरीज न करता गुणाकार करा, म्हणजे एक बाजू अगदी कमकुवत असेल तर बाकीच्या दोन ती झाकू शकणार नाहीत. तुमच्यासारखीचा हिशेब बहुधा असा निघेल: कन्नड ५×३×४ म्हणजे ६०, तेलुगू २×३×४ म्हणजे २४, जायचं ठरलेलं नसेल तर जर्मन १×४×२ म्हणजे ८. वहीत तेलुगूच्या खुणा जास्त निघाल्या तर पहिले दोन आकडे उलटतील. तसं झालं तरी कन्नडची लिपी तेलुगूच्या इतकी जवळची आहे, की एक वाचता आली की दुसरीची अर्धी वाट सरलेली असते. सुरुवात शरीराच्या अवयवांच्या नावांनी, एक ते वीस आकड्यांनी आणि 'जेवलात का, झोप लागली का' या प्रश्नांनी करा.