‘पीछे मुड’ आणि दोन इंद्रधनुष्ये

गेल्या जुलैत माझ्या नऊ वर्षांच्या भाचीने नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या बांधावरून काढलेला एक फोटो मला दाखवला. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते आणि बाकी सारे तलावाकडे, म्हणजे पश्चिमेच्या उन्हाकडे, पाहत असताना तिने मागे वळून शहरावर उमटलेली दोन इंद्रधनुष्ये टिपली होती. खालच्यात तांबडा रंग बाहेर होता, वरच्या फिकट कमानीत तो आत होता. “मामा, वरच्याचे रंग उलटे का?” असा तिचा प्रश्न होता.

मला आपल्या शाळेची प्रयोगशाळा आठवली. खिडकीत लावलेल्या पुठ्ठ्याच्या भोकातून येणारे ऊन सर पाण्याने भरलेल्या गोल चंबूवर घेत आणि हा चंबू म्हणजे पावसाचा एक थेंब आहे असे समजा, असे सांगत. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूवर रंगीत कडे उमटे. त्याबाहेरचे दुसरे कडे मात्र पडदे ओढूनही कष्टानेच दिसे.

भाचीला मी कवायतीच्या भाषेत सांगितले. ‘पीछे मुड’ म्हणजे 180 अंशांचे वळण. थेंबात शिरलेला तांबडा किरण मागच्या भिंतीवर एकदा परावर्तित होऊन बाहेर पडतो, तेव्हा तो साधारण 138 अंश वळलेला असतो, म्हणजे पूर्ण मागे फिरायला त्याला 42 अंश कमी पडतात. जांभळा थोडा जास्त, सुमारे 140 अंश वळतो, म्हणून तो 40 अंशांवर, आतल्या बाजूला दिसतो. दुसऱ्या कमानीतला किरण थेंबात दोनदा परावर्तित होतो आणि तांबडा 230 अंश वळून ‘पीछे मुड’च्याही 50 अंश पुढे जातो. इथेही जांभळाच जास्त वळतो, पण आता जास्त वळणे म्हणजे आणखी पुढे जाणे, त्यामुळे तो 53 अंशांवर, बाहेरच्या बाजूला दिसतो. प्रत्येक परावर्तनात काही प्रकाश थेंबाबाहेर निसटतो आणि उरलेला अधिक रुंद पट्ट्यात पसरतो, म्हणून ही कमान फिकी. दोन कमानींच्या मधल्या जागेतल्या थेंबांकडून असा प्रकाश आपल्या डोळ्यांपर्यंत येत नाही. फोटोतला तो काळसर पट्टा तिने स्वतःच दाखवला.

हे कोन मोजायचे ते आपल्या डोक्याच्या सावलीपासून. त्या वेळी सूर्य साधारण 20 अंश वर होता, म्हणजे ती सावली क्षितिजाच्या तितकीच खाली होती, म्हणून पहिल्या कमानीचा माथा क्षितिजापासून 22 अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींहून किंचित वर, आणि दुसरीचा तीन मुठींवर आला. आपल्याकडे जुलैतल्या दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा कितीही सरी आल्या तरी जमिनीवरून आकाशात कमान दिसत नाही.

शेजारच्या मुलाने मग गाडीच्या काचेतून काढलेला आपलाही ‘दुहेरी’ फोटो आणला. त्यात दोन्ही कमानींचा तांबडा बाहेरच होता. भाचीने तो क्षणभर पाहिला आणि त्यातली दुसरी कमान काचेची आहे, असे त्याला सांगितले.