आमची वाटचाल: क्लोजअपला फूटपट्टी

आमची फर्म मराठी मुलाखतींचे व्हिडिओ एडिट करते. "क्लोजअप वाढवा, लोक थांबतात," असं जवळपास प्रत्येक ग्राहक सांगायचा. ते खरं आहे का, हे पाहता पाहता मोजणी हेच आमचं दुसरं काम झालं.

मोजायचं तसं थोडकं आहे. पायसीनडिटेक्ट या सॉफ्टवेअरने व्हिडिओचे शॉट वेगळे करायचे, दर सेकंदाला पाच फ्रेम घ्यायच्या आणि सर्वांत मोठ्या चेहऱ्याच्या चौकटीची उंची फ्रेमच्या उंचीने भागायची. शॉटभरातल्या आकड्यांचा मध्यक घ्यायचा. आमच्याकडे ०.४ च्या वर गेलं की क्लोजअप. कॅमेरा हळूहळू पुढे सरकत असेल तर मध्यक फसवतो, म्हणून शॉटची सुरुवात आणि शेवट वेगळे नोंदवतो.

चेहरा शोधायला आधी ओपनसीव्ही या प्रोग्रॅम-संचातली हार कॅस्केड ही जुनी पद्धत होती. पाहुणा मुलाखतकाराकडे वळला की ती त्याला सोडून द्यायची, आणि मुलाखतीत माणूस वळलेलाच जास्त असतो. मग यूनेट हे चेहरे शोधणारं मॉडेल आलं. त्यातली मेख अशी, की ते साधारण १० ते ३०० पिक्सेलपर्यंतचेच चेहरे नीट धरतं. १०८० च्या फ्रेममध्ये क्लोजअपचा चेहरा सहज ६०० पिक्सेल भरतो. म्हणजे मिड शॉट बरोबर मोजले जातात आणि नेमके क्लोजअप "चेहरा नाही" म्हणून रिकामे येतात! फ्रेम ६४० बाय ३६० करून दिली की तोच चेहरा २०० पिक्सेलचा होतो. गुणोत्तर मात्र ०.५६ च राहतं. लांबच्या शॉटमधला ६० पिक्सेलचा चेहरा २० वर येतो, तोही सापडतो. भिंतीवरची तसबीरही सापडते, पण तिची चौकट तसूभर हलत नाही. बोलणाऱ्या माणसाची हलते. त्यावरून ती गाळायची.

खरी अडचण पुढे आहे. प्रेक्षक कुठवर टिकले हे दाखवणारा यूट्यूबचा रिटेन्शनचा आलेख व्हिडिओचे शंभर भाग पाडतो. वीस मिनिटांच्या मुलाखतीत एक भाग १२ सेकंदांचा, त्यात चार सेकंदांचा क्लोजअप दिसणार कसा? म्हणून प्रत्येक भागात क्लोजअप किती वेळ होता ते काढतो आणि `audienceWatchRatio`, म्हणजे तो भाग किती प्रमाणात पाहिला गेला याचा यूट्यूबचा आकडा, आधीच्या भागाच्या तुलनेत किती घसरला ते शेजारी मांडतो. ०.५२ चा ०.५१ झाला तर घसरण सुमारे २ टक्के. पहिलं मिनिट वगळतो. तिथे लोक काहीही दाखवलं तरी जातात.

एवढं करूनही क्लोजअपला श्रेय देता येत नाही. पाहुण्याचा गळा दाटून आला की एडिटर क्लोजअपच लावतो. मग लोक चेहऱ्यासाठी थांबले की बोलण्यासाठी? यासाठी फोरकेमध्ये शूट केलेलं तेच बोलणं दोनदा कापतो, एकदा मिड, एकदा दुप्पट जवळून. १०८० च्या आउटपुटला तेवढं जवळ गेलं तरी चित्र फुटत नाही. हे दोन कट जाहिरात म्हणून दोन वेगळ्या प्रेक्षकगटांना दाखवावे लागतात. त्याचा खर्च ग्राहकाला आधीच सांगतो, आणि बरेच जण तिथेच थांबतात.