आमची वाटचाल : 10 लाखांचे भांडवल 50 लाखांचे झाले तेव्हा

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या मशिन शॉपची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली, तेव्हा भरणा भांडवल होते 10 लाख, म्हणजे दहा रुपयांचे एक लाख शेअर. पुढे धंदा वाढला, नफा कंपनीतच ठेवत गेलो, पण भांडवलाचा आकडा तसाच राहिला. मग एका मोठ्या गिऱ्हाइकाने पुरवठादार म्हणून नोंद करायला 50 लाख भरणा भांडवलाची अट घातली. घरातून नवे पैसे घालायची गरज नव्हती. कंपनीत साठलेल्या निधीतूनच भागधारकांना दर शेअरमागे चार बोनस शेअर, म्हणजे पैसे न घेता दिलेले शेअर, द्यायचे ठरवले.

ताळेबंदात सर्वसाधारण राखीव निधी 40 लाख, शेअर प्रीमियम, म्हणजे दर्शनी किमतीपेक्षा जास्त दराने शेअर देऊन मिळालेली वरची रक्कम, 15 लाख आणि जागेच्या पुनर्मूल्यांकनाचा निधी 60 लाख होता. माझा डोळा साहजिकच त्या 60 लाखांवर. सीए म्हणाले, "त्याला हात लावायचा नाही. तो कागदावरचा फायदा आहे, कायद्याने त्यातून बोनस देता येत नाही." मग त्यांनी प्रीमियम आधी संपवायला सांगितला. प्रीमियममधून लाभांश वाटता येत नाही, राखीव निधीतून नियम पाळून वाटता येतो. म्हणून वाटता येणारा पैसा शक्य तितका मागे ठेवायचा.

त्याआधी अधिकृत भांडवल, म्हणजे कंपनीला जास्तीत जास्त जेवढ्या भांडवलाचे शेअर काढता येतात ती मर्यादा, 10 लाखांवरून 50 लाखांवर नेले, एसएच-7 फॉर्म भरला आणि संचालकांच्या शिफारशीवर सर्वसाधारण सभेचा ठराव घेतला. कामगारांचा पीएफ, ग्रॅच्युइटी थकलेली असती तर बोनस देताच आला नसता. सीएंनी चलने मागून घेतली ती त्यासाठीच.

नोंदी दोनच झाल्या. पहिलीत प्रीमियम खाते 15 लाख नावे, राखीव निधी 25 लाख नावे आणि 'भागधारकांना बोनस' खाते 40 लाख जमा. शेअर वाटप झाल्यावर दुसरीत तेच बोनस खाते 40 लाख नावे आणि भाग भांडवल 40 लाख जमा. मधले खाते शून्यावर आले. बँक खात्याचे नाव दोन्ही नोंदींत कुठेच नाही.

काकांना हेच पटेना. "चाळीस लाख दिले म्हणता, मग बँकेतून गेले किती?"

एक रुपयाही नाही. पुनर्मूल्यांकन सोडले तर आधी 10, 15 आणि 40 मिळून 65 लाख होते. आता भांडवल 50 आणि राखीव निधी 15, म्हणजे तेच 65. भाकरी तीच, तुकडे मात्र पाचपट. शेअरचे पुस्तकी मूल्य 65 रुपयांवरून 13 वर आले. काकांचे शेअर पाचपट झाले, हिस्सा होता तेवढाच राहिला.

"मग पुढे पैसे लागले तर हे चाळीस लाख काढता येतील ना?" काकांचा पुढचा प्रश्न. लाभांश म्हणून तर नाहीच. भांडवल कमी करायला न्यायाधिकरणाकडे जावे लागते, नाहीतर शेअरच्या पुनर्खरेदीचे नियम पाळावे लागतात. शिवाय हे बोनस शेअर उद्या विकले, तर प्राप्तिकरासाठी त्यांची खरेदी किंमत शून्य धरतात. हे ऐकून काकांनी आपले शेअर विकायचा विषय त्या दिवसापुरता तरी बंद केला.