त्याचं नाव यादीत नाही

मे महिन्यातली दुपार. कूलरमध्ये पाणी भरून झालं होतं, वाळ्याच्या ताट्या ओल्या झाल्या होत्या, आणि अशा वेळी नागपुरात करण्यासारखं जे एकच काम उरतं, म्हणजे आडवं होणं, ते मी करणार होते. तेवढ्यात भाची म्हणाली, "मावशी, गेला तो."

"कोण गेला?"

"अगं, त्यानं मला अनफॉलो करून टाकलं."

'तो' म्हणजे तिच्या कॉलेजातला. नाव मी विचारत नाही. विचारलं की ही मंडळी सांगायचंच बंद करतात.

तिचा पुरावा काय, तर तिच्या इन्स्टाच्या स्टोऱ्या बघणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव दिसेनासं झालंय. शिवाय 'तुम्हाला कोणी सोडलं' ते सांगणारं कुठलंसं ॲप तिनं घेतलं होतं, आणि त्यानं तिच्या अकाउंटचा पासवर्डच मागितला होता. तिनं तो दिलाही होता! आधी ते काढायला लावलं, पासवर्ड बदलायला लावला, मग मुख्य खटल्याकडे वळलो.

आता स्टोरीच्या यादीत नाव नसणं म्हणजे काहीच नव्हे. स्टोरी चोवीस तासांत जाते. पोरगा तोवर ॲप उघडत नसेल, किंवा वरच्या गोल गोल रांगेत हिचं तोंड पार मागे ढकललं गेलं असेल. ती रांग तो लावत नाही, ॲप लावतं. किंवा त्यानं म्यूट केलं असेल. ही सोय 2018 साली आली, आणि तिची गंमत अशी की म्यूट झालेल्याला काहीही कळत नाही. सूचना येत नाही, फॉलोअरचा आकडा हलत नाही, मेसेज नेहमीसारखे जातात-येतात. थोडक्यात, 'त्यानं मला म्यूट केलं' हे वाक्य तुम्ही कितीही रडून म्हणा, सिद्ध करता येत नाही.

अनफॉलो मात्र तपासता येतं, आणि त्यासाठी कोणत्या ॲपची गरज नाही. "त्याच्या प्रोफाइलवर जा," मी म्हटलं. प्रोफाइल दिसत होतं, म्हणजे ब्लॉक नाही आणि अकाउंट बंद करूनही बसलेला नाही. (अकाउंट तात्पुरतं बंद केलं तरी नाव यादीतून नाहीसं होतं, आणि परत आला की आपलं जागच्या जागी येतं. परीक्षेच्या दिवसांत अशी किती हृदयं उगाच मोडत असतील!) मग त्याची Following यादी उघडून हिचं नाव शोधलं. नव्हतं.

"बघ!"

"थांब. तू अजून त्याला फॉलो करतेस का?"

करत होती. त्याचं अकाउंट खाजगी, तरी त्याचे फोटो हिला दिसत होते. माझ्या मते इथेच सगळी मेख आहे. एखाद्यानं ब्लॉक करून परत काढलं, तर दोन्हीकडचं फॉलो तुटतं आणि आपोआप जुळत नाही. नुसतं हिला आपल्या फॉलोअरमधून काढलं असतं, तरी हिच्या बाजूला 'Follow' चं बटण परत निळं झालं असतं. यातलं काही झालं नव्हतं. म्हणजे त्यानं हिला बघणं बंद केलं होतं, हिनं त्याला बघणं नाही. ज्याला खरोखर वीट येतो तो सहसा दुसरी बाजूही आवरतो.

"मग आवडते का मी त्याला?"

असा सरळ अर्थ निघत नाही, बापा. एवढंच निघतं की चुकून झालं नसावं, कारण त्यासाठी किमान दोनदा बोट लावावं लागतं. पण दोनदा बोट लावायला प्रेम संपावंच लागतं असं थोडंच आहे? 2020 मध्ये इन्स्टानं ज्यांच्याशी आपला सर्वांत कमी संबंध येतो त्यांची वेगळी यादीच काढून दिली. रात्री झोप येत नसलेली माणसं ती उघडून सरसकट सफाई करतात. हिनं त्याच्याशी कधी बोलण्याचं धाडस केलेलं नाही, म्हणजे त्या यादीत ही वरच असणार. किंवा त्याची कोणी मैत्रीण असेल आणि तिनं यादी तपासली असेल. किंवा मोठ्या भावानं. किंवा त्यालाच हिचे फोटो बघून अभ्यास होत नसेल, हेही मी नाकारत नाही.

माझी आई असती तर म्हणाली असती, तान्ह्या पोळ्याचं आठव. आम्ही तेव्हा नागपुरातल्या महाल भागात राहायचो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून घरोघर बोजारा मागत फिरायची. आमच्या गल्लीतला एक दहावीतला पोरगा दरवर्षी धाकट्या भावाला घेऊन यायचा. बैलाच्या शिंगांना बेगड, गळ्यात झेंडूची माळ, भाऊ पुढे आणि हा मागे दोरी धरून. ताई, म्हणजे या भाचीची आई, त्या दिवशी सकाळपासून ओट्यावर. एका वर्षी तो शेजारच्यांकडे गेला, समोरच्यांकडे गेला आणि आमचं घर तेवढं सोडून पुढे निघून गेला. ताई जेवली नाही. आजीला काय ते लगेच समजलं. ती पोळीवर तूप घालत म्हणाली, "काहून रडून राहिली? ज्या पोट्टीले तो पाह्यते, तिच्या दारात चार आण्यासाठी हात पसरन का तो?"

हे तेव्हा आम्हाला इतकं पटलं की ताई दोन पोळ्या जास्त जेवली. पण खरं काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. कदाचित आमच्या घरी बोजारा कमी मिळायचा.

म्यूटबद्दल मात्र माझं ठाम मत आहे, कारण मी स्वतः त्यातली पट्टीची आहे. आमच्या दिरांचं व्हॉट्सॲप स्टेटस मी कधीपासून म्यूट करून ठेवलंय. रोज उगवता सूर्य, त्यावर गुलाब, त्यावर सुविचार. माणूस लाखाचा. रात्री दोनला दवाखान्यात न्यायला फोन केला तर गाडी घेऊन हजर होईल. त्यांना दुखवायचं नाही म्हणून तर म्यूट. जो म्यूट करतो तो 'हिला कळलं तर वाईट वाटेल' एवढा तरी विचार करतो. अनफॉलो करणारा एकतर तो विचार करत नाही, किंवा कळावं अशीच त्याची इच्छा असते. यातलं कोणतं, ते फोनमध्ये बघून कळणार नाही. कॉलेजात समोर आल्यावर तो हसतो की मान वळवतो, आपणहून बोलतो की हिनं विचारलं तरच, हेच बघायचं.

"सुट्टी आहे ना पण आता," भाची म्हणाली. मग जरा थांबून, "मावशी, माझं दुसरं अकाउंट आहे. वेगळ्या नावाचं. त्यावरून त्याला रिक्वेस्ट टाकून बघते, एवढंच कळेल की दुसरी कोणी आहे का."

मी उठून बसले. "ते नाही करायचं."

"नुसतं बघायचं तर आहे."

"त्यानं एक तार तोडली आहे. का तोडली ते तो सांगत नाही, आणि सांगायलाच पाहिजे असंही नाही. खोट्या नावानं मागे जायचं नाही. हेच एखाद्या पोट्ट्यानं तुझ्या मागे केलं असतं, तर आपण आत्ता कुठं असतो?"

तिनं थोडा वेळ कूलरकडे बघितलं.

"पोलीस ठाण्यात," ती म्हणाली.