गाडी पोचली असावी

"‘करावे’ म्हणजे ‘शुड’, असं तुम्हीच शिकवलंत ना? मग जोड्या लावामध्ये ते चूक कसं ठरतं?"

लालबागच्या एका चाळीत मी आठवी ते दहावीच्या मुलांची शिकवणी घेते. मुलं हे विचारतात, आणि वही घेऊन त्यांचे आईवडीलही विचारायला येतात. शिकवलं मीच होतं, हे खरं आहे. पहिल्या दिवशी ‘विध्यर्थ म्हणजे शुड’ असं फळ्यावर लिहिलं की मुलांना धरायला काहीतरी मिळतं. पण ते पहिल्या दिवसापुरतंच आहे, हे दुसऱ्या दिवशी सांगायला हवं आणि तेच बहुतेकदा राहून जातं. म्हणून इथे एकच वही समोर ठेवून नीट सांगते.

नववीतल्या एका मुलीला पाच वाक्यं होती. प्रवाशांनी रूळ ओलांडू नयेत. आता गाडी कुर्ल्याला पोचली असावी. यंदा पाऊस वेळेवर यावा. तू डॉक्टरांकडे जावंस. दर रविवारी आम्ही चौपाटीवर जावं, भेळ खावी आणि काळोख पडला की परत यावं. समोरच्या रकान्यात शुड, वुड, मे, मस्ट हॅव आणि डू नॉट. तिने पाचही वाक्यांपुढे आधी पेन्सिलीने ‘शुड’ लिहिलं आणि मग उरलेले चार शब्द कुठे घालायचे म्हणून रडकुंडीला आली. तिचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. पाचही क्रियापदं विध्यर्थातलीच आहेत. मराठीत रूप एक आणि त्यातून निघणारे भाव पाच, आणि इंग्रजीला प्रत्येक भावासाठी वेगळा शब्द लागतो. म्हणजे जोडी रूपाशी लावायची नसते, ते वाक्य कोण, कुणाला, कशासाठी म्हणतंय याच्याशी लावायची असते.

सोपं वाक्य आधी घेतलं. ‘तू डॉक्टरांकडे जावंस.’ इथे ‘जावंस’ काढून ‘जायला पाहिजे’ घाला. अर्थ हलत नाही. जिथे ‘पाहिजे’ असं चपखल बसतं तिथे शुड.

आता ‘पाऊस वेळेवर यावा’. ‘पावसाला वेळेवर यायला पाहिजे’ असं कुणी म्हणत नाही, कारण पाऊस कुणाचं ऐकत नाही. इथे एक खूण आहे, ती मी मुलांना मुद्दाम शोधायला लावते: कर्त्याला ‘ने’ लागलाय का? ‘पाऊस यावा’, ‘गाडी वेळेवर यावी’, ‘मुलगा पास व्हावा’. कर्ता मोकळा आहे, क्रियापद त्याच्याप्रमाणे बदलतंय, आणि वाक्यात इच्छा आहे. इंग्रजीत त्याला मे किंवा आय विश, आय होप. ‘मुलाने अभ्यास करावा’ म्हटलं की ‘ने’ आला, करणाऱ्यावर जबाबदारी आली, आणि शुड जवळ आला. ही खूण एकाच बाजूने पक्की आहे, तेही सांगते. ‘ने’ नसेल आणि ‘यावा, व्हावा’ असेल तर इच्छा जवळजवळ ठरलेलीच. पण ‘ने’ असला म्हणजे सक्तीच असं नाही. ‘आजोबांनी लवकर बरं व्हावं’ ही इच्छाच आहे, आजोबांना दिलेली ताकीद नव्हे.

हा ‘ने’ येतो कुठून, हे मुलांना सांगितलं तर त्यांना ते आवडतं, असा माझा अनुभव आहे. संस्कृतात ‘कर्तव्य’, ‘पठितव्य’ अशी रूपं आहेत, ‘करण्याजोगं’, ‘वाचण्याजोगं’ अशा अर्थाची. त्या ‘तव्य’चाच प्राकृतातून आलेला वंशज म्हणजे आपला ‘करावा, करावी, करावे’ यातला ‘आव’. ‘मया ग्रन्थः पठितव्यः’ म्हणजे शब्दशः ‘माझ्याकडून ग्रंथ वाचला जावा’. वाचणारा बाजूला होतो आणि ग्रंथ पुढे येतो. म्हणून आजही आपण ‘तिने ग्रंथ वाचावा, पोथी वाचावी, पुस्तक वाचावं’ असं म्हणतो. वाचणारी तीच, क्रियापद मात्र वस्तूप्रमाणे फिरतं. इंग्रजी माध्यमातली मुलं उलट भाषांतर करताना नेमकी इथे अडखळतात. ‘शी शुड ईट द मँगो’ला ‘ती आंबा खावी’ लिहितात, कारण इंग्रजीत ‘शी’ पुढे उभी असते. ‘तिने आंबा खावा’ लिहायला लागेपर्यंत पंधरा दिवस तरी जातात.

सगळ्यात जास्त वेळ ‘गाडी कुर्ल्याला पोचली असावी’ने घेतला. मुलीने ‘द ट्रेन शुड हॅव रीच्ड कुर्ला’ लिहिलं. हे इंग्रजी चुकीचं नाही, आणि गोंधळ तिथेच होतो. ‘शुड हॅव रीच्ड’ म्हणजे वेळापत्रकाप्रमाणे एव्हाना पोचायला हवी होती. आणि ऐकणाऱ्याच्या मनात लगेच येतं, मग पोचली नाही की काय? त्या ‘हवी होती’त एक तक्रार दबलेली असते. आपल्या ‘असावी’त तक्रार नाही. तिथे बोलणारा हिशेब करतोय: दादरहून सुटून इतकी मिनिटं झाली, म्हणजे आता कुर्ला. हा तर्क आहे, म्हणून मस्ट हॅव.

मी तिला तीन वाक्यं मोठ्याने म्हणायला लावली. ‘गाडी पोचली असेल.’ ‘गाडी पोचली असावी.’ ‘गाडी पोचलीच असणार.’ पहिल्यात नुसता अंदाज, हाताशी काही पुरावा नाही. तिथे मे हॅव चालतं. दुसऱ्यात अंदाजाला काहीतरी आधार आहे. तिसऱ्यात शंका उरलेलीच नाही. इंग्रजीतला मस्ट हॅव दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये कुठेतरी बसतो. म्हणून काही उत्तरपुस्तिकांत ‘असावी’ला मे हॅव छापलेलं दिसतं, काहींत मस्ट हॅव. रकान्यात दोन्ही शब्द असतील तर वाक्यात आधार दिलाय का ते बघायचं. ‘घड्याळ बघता’, ‘आवाजावरून’, ‘एव्हाना’ असं काही असेल तर मस्ट. काहीच नसेल तर प्रश्नच अपुरा आहे, आणि अशा ठिकाणी मी मुलांचे गुण कापत नाही.

‘रूळ ओलांडू नयेत’ला समोर ‘डू नॉट’ लावताना ती कचरली. विध्यर्थासमोर इंग्रजी आज्ञार्थ कसा? त्यासाठी तिला जिन्याखालची पाटी दाखवली. आपल्या शहरात दोन भाषांतल्या पाट्या जागोजागी आहेत. मराठीत ‘येथे थुंकू नये’, खाली इंग्रजीत ‘डू नॉट स्पिट’. ‘थुंकू नका’ म्हटलं की कुणीतरी समोर उभं राहून आपल्यालाच बोलल्यासारखं वाटतं. पाटीला समोर माणूस नसतो, म्हणून मराठी तिथे ‘नये’ वापरते आणि सगळ्यांना एकदम सांगते. इंग्रजीला ती सोय नाही. ती सरळ आज्ञेवर येते. तसंच आदराचं. ‘बस’, ‘बसा’, ‘बसावं’ अशा तीन पायऱ्या आपल्याकडे आहेत, आणि सर्वांत वरची पायरी विध्यर्थाची. दारात आलेल्या व्याह्यांना ‘यावं, बसावं’ म्हणतात, त्याचं ‘यू शुड सिट’ केलं तर पाहुणा घाबरेल. तिथे ‘प्लीज’ लावलेली आज्ञाच हवी.

चौपाटीचं वाक्य तिने स्वतःच सोडवलं. ‘जावं, खावी, परत यावं’च्या जागी ‘जायचो, खायचो, परत यायचो’ ठेवून पाहिलं, बसलं. पूर्वीची सवय, म्हणून वुड. विध्यर्थाचा हा उपयोग मुलांच्या बोलण्यात आता फारसा ऐकू येत नाही, आजीच्या गोष्टींत येतो. मला तो जिवापाड आवडतो.

उलट दिशेचीही एक गोष्ट सांगायला हवी, कारण आज्ञार्थ म्हटला की मुलं डोळे मिटून ‘ऑर्डर’ लिहितात. दारात उभं राहून ‘बाई, आत येऊ?’ असं रोज म्हणतात, ते ‘येऊ’ हे आज्ञार्थाचं प्रथमपुरुषी रूप आहे: मी येऊ, तू ये, तो येवो. आणि ‘मी येऊ?’ ही आज्ञा नाही, परवानगी आहे; मे आय कम इन. ‘देव तुझं भलं करो’ हाही आज्ञार्थच, पण देवाला कोण हुकूम सोडणार? तिथेही मे.

दुसऱ्या पानावर संकेतार्थ होता. तिथे एकच चूक सगळ्या वर्गाने केली होती, त्यामुळे तेवढीच सांगते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, लोकल बंद पडल्या आणि लाखो माणसं पाण्यातून चालत घरी आली. त्या दिवसाबद्दल मी वाक्य दिलं होतं: ‘आधी कळलं असतं तर मी घरातून निघालेच नसते.’ मुलांनी लिहिलं, ‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड नॉट हॅव लेफ्ट’. दोन्हीकडे वुड. कारण उघड आहे: मराठीत दोन्हीकडे ‘असता’ आहे. ‘कळलं असतं’ आणि ‘निघाले नसते’, तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखं वजन. इंग्रजी मात्र ‘इफ’च्या पारड्यात वुड ठेवत नाही, तिथे ‘हॅड नोन’ येतं. वुड फक्त दुसऱ्या पारड्यात. मी मुलांना ‘तर’ या शब्दाभोवती गोल करायला सांगते. ‘तर’च्या आधीच्या भागात वुड आला असेल तर खोडा.

गोल केला तरी एक अडचण उरते, आणि ती मराठीच्या बाजूची आहे. ‘छत्री असती तर दिली असती’ हे वाक्य आत्ता दारात उभ्या असलेल्या शेजारणीला म्हणता येतं आणि गेल्या पावसाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळबद्दलही. आपल्याला एकच रूप पुरतं. इंग्रजीला काळ ठरवावाच लागतो: आत्ता असेल तर ‘इफ आय हॅड’ आणि ‘वुड गिव्ह’, तेव्हाचं असेल तर ‘हॅड हॅड’ आणि ‘वुड हॅव गिव्हन’. जोड्या लावायच्या आधी वाक्याच्या सुरुवातीला पेन्सिलीने ‘आत्ता’ किंवा ‘तेव्हा’ लिहून बघायचं. दोन्ही बसत असतील तर मी दोन्ही उत्तरं बरोबर धरते.

त्या मुलीने दुसऱ्या दिवशी वही परत आणली. ‘असावी’समोरचं शुड खोडून मस्ट हॅव केलं होतं, आणि समासात बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ‘एव्हाना नाहीये, पण ‘आता’ आहे. चालेल?’ चालतं, असं मी त्याखाली लिहिलं.