आईच्या गळ्यातली ‘हॉट’ गाठ

आज आईचा थायरॉइड स्कॅन झाला. सोनोग्राफीत उजव्या बाजूला अडीच सेंटीमीटरची भरीव गाठ दिसली होती आणि थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, टीएसएच, खूपच कमी, 0.05. म्हणून गाठीतल्या पेशी सुईने काढून तपासण्याआधी डॉक्टरांनी स्कॅन करायला सांगितला. शिरेतून टेक्नेशियम या किरणोत्सर्गी औषधाचं इंजेक्शन, वीसेक मिनिटं थांबणं, मग मान मागे करून गॅमा कॅमेऱ्याखाली झोपणं.

चित्रात गाठीच्या जागी गडद काळा ठिपका आणि बाकीची ग्रंथी जवळजवळ गायब! मी घाबरलेच. पण ग्रंथी जागेवरच आहे. गाठ एकटीच इतकं हार्मोन बनवतेय की टीएसएच दबला आणि बाकीचा भाग गप्प बसला. अशा, औषध भरपूर ओढून घेणाऱ्या हॉट गाठीत कॅन्सर क्वचितच सापडतो, म्हणून सुई टळली. आता उपचार वाढलेल्या हार्मोनवर.

सोनोग्राफीत हे कळलं नसतं. तिथे गाठीचा आकार, कडा, आत पाणी आहे की भरीव, कॅल्शियमचे बारीक कण दिसतात. गाठ काम करते का, ते नाही.

बाहेर एक काकू रिपोर्टवरचं ‘कोल्ड’ वाचून रडवेल्या झाल्या होत्या. कोल्ड म्हणजे गाठ ते औषध ओढून घेत नाही, एवढंच. बहुतेक कोल्ड गाठीही साध्याच निघतात. सुई घालायची की नाही, हे पुन्हा सोनोग्राफीतलं गाठीचं रूप बघूनच ठरतं.